वियोगाआधीचा शोक



मृत्यूनंतरच्या दुःखाला आपल्या समाजात रीत आहे. वार्ता कळताच दुकानाचे शटर खाली येते, गल्लीतील माणसे दारात जमतात, उठावण्याची वेळ ठरते, गुरुमहाराजांकडून मांगलिक ऐकले जाते आणि बाहेरगावचे आप्त येऊन थोडा वेळ बसून जातात. कोणी काय बोलावे आणि किती वेळ थांबावे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. शब्द सुचले नाहीत तरी रीत माणसाला सावरून नेते.

परंतु ज्या घरातील मूल महिनोन्‌महिने रुग्णालयात आहे आणि डॉक्टरांच्या बोलण्यातील ‘नक्की’ हा शब्द नाहीसा झाला आहे, त्या घरासाठी आपल्यापाशी कोणतीही रीत नाही. मूल समोर आहे, म्हणून सांत्वन करता येत नाही; प्रकृती गंभीर आहे, म्हणून नेहमीसारखी सुखसाता विचारतानाही जीभ अडखळते. मग काही जण जाण्याचेच टाळतात. काही जण जातात, पण धीर देण्याच्या भरात त्या आईवडिलांना बोलूच देत नाहीत. त्या दोघांचा शोक मात्र केव्हाच सुरू झालेला असतो. या वेळच्या लेखात त्याच शोकाविषयी लिहावयाचे आहे.

विषय अधांतरी राहू नये म्हणून एक उदाहरण समोर ठेवतो. हे कोणा एका घराचे वर्णन नव्हे. अशा अनेक घरांतून जे घडते, ते एकत्र करून मांडले आहे.

खानदेशातील एका तालुक्याच्या गावी घाऊक किराण्याची पेढी आहे. दोघे भाऊ, एकत्र कुटुंब. धाकट्या भावाची मुलगी साडेसहा वर्षांची असताना तिला रक्ताचा कर्करोग झाला. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा हा प्रकार. योग्य उपचारांनी यातील बहुसंख्य मुले पूर्ण बरी होतात. उपचार दोन-अडीच वर्षांचे असतात. मुंबईच्या खेपा झाल्या, केस गेले आणि पुन्हा आले, शेवटची गोळी संपली, घरी सामुदायिक सामायिक झाले. त्यानंतर पाचव्या महिन्यात ताप आला आणि तपासणीत रोग अस्थिमज्जेत पुन्हा दिसला. उपचार संपल्यावर इतक्या लवकर परतलेला रोग अधिक कठीण मानला जातो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले : पुन्हा तीव्र औषधे द्यावी लागतील; त्यांनी रोग आटोक्यात आला तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण करता येईल; आटोक्यात आला नाही तर पुढचा मार्ग अरुंद आहे. मुलगी आता नऊ वर्षांची आहे. तिच्या धाकट्या भावाची तपासणी झाली. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते. त्याची जुळली नाही.

अशा घरात शोक कोणत्या वाटेने येतो, ते पाहू. तो रडण्याच्या रूपात क्वचितच येतो. दिवाळीसाठी कापड घेताना आई पुढच्या वर्षीही बसेल असे मोठे माप मागते आणि दुकानदारासमोर एकदम गप्प होते. शाळेच्या पुढील वर्षाच्या शुल्काची चिठ्ठी वडिलांच्या गल्ल्यात पडून राहते. भरली तर खोटे वाटते, न भरली तर अपराध वाटतो. मुलगी हसते आहे म्हणून कोणी तिचे छायाचित्र काढते आणि काढतानाच मनात येते, हे कशासाठी काढतो आहोत आपण? रात्री आई मुलीचा श्वास मोजत जागी असते. तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर, न बोलावता, पुढचे सगळे दृश्य उभे राहते : रिकामा पलंग, माणसांनी भरलेली ओसरी, स्वतःचे पांढरे लुगडे. त्या दृश्याने ती हादरते आणि त्याहून अधिक हादरते ती या विचाराने, की हे माझ्या मनात आलेच कसे? मूल जिवंत असताना मी तिचा शोक करते म्हणजे मी कशी आई?

हा प्रश्न ती कोणालाही विचारीत नाही. तोंडून अशुभ काढू नये, असे आपण लहानपणापासून ऐकलेले असते. नवराबायकोही एकमेकांना सांगत नाहीत. वडील दिवसभर पेढीवर बसून मुंबईच्या रुग्णालयाचा हिशेब, विम्याचे कागद आणि उधारीची वसुली यांत स्वतःला गुंतवून घेतात; आईला वाटते, यांना काहीच वाटत नाही. आई प्रत्येक अहवाल पुन्हा पुन्हा वाचते. वडिलांना वाटते, ही आशाच सोडून बसली आहे. दोघांचे दुःख एकच असते, पण दोघांवर ते वेगवेगळ्या वेळी येते. एक कोसळलेला असतो तेव्हा दुसऱ्याला उभे राहणे भाग असते.

मूल असताना केलेल्या या शोकाविषयी त्या मातेला सर्वप्रथम सांगावयाचे ते हे, की आपल्या आगमांना तो अपरिचित नाही. स्थानांग सूत्रात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. आपण बोलण्याच्या ओघात ‘इष्टवियोग’ म्हणजे प्रिय गेल्यानंतरचे दुःख तेवढे लक्षात ठेवतो. पण तेथील एका प्रकारात प्रिय गेलेलेच नाही. प्रियाचा संयोग आहे, ते जवळच आहे, आणि तरीही मन ‘याचा वियोग न होवो’ या एकाच चिंतनाने भरून गेले आहे. शास्त्रकारांनी या अवस्थेला वेगळे स्थान दिले, कारण ती वेगळी आहे हे त्यांनी ओळखले होते. पुढे या ध्यानाची लक्षणे सांगितली आहेत, तीही आक्रंदन, शोक, अश्रू आणि विलाप अशी, अगदी माणसाच्या शरीरावर दिसणारी आहेत.

येथे एखादा जाणता श्रावक म्हणेल, की आर्तध्यान तर त्याज्य आहे. मग त्या मातेला ते सोडण्याचा उपदेश करणे हेच योग्य नव्हे काय? आर्तध्यान हितकर नाही, हे खरेच आहे. परंतु ते कोणाला होते, हेही तत्त्वार्थसूत्राने त्याच ठिकाणी सांगून ठेवले आहे. अविरतांना होते, देशविरती श्रावकांना होते, आणि प्रमत्तसंयत अवस्थेतील साधूंनाही होते. ज्या भूमिकेवर महाव्रतधारी मुनीच्याही मनात ते उठू शकते, त्या भूमिकेच्या कितीतरी खाली, रुग्णालयाच्या बाकड्यावर, तीन रात्री न झोपलेल्या मातेकडून ते उठू नये अशी अपेक्षा करणे म्हणजे शास्त्राहून कठोर होणे होय. ते ध्यान हळूहळू ओसरावे यासाठी साहाय्य करणे वेगळे आणि ते उठले म्हणून तिला दोषी ठरविणे वेगळे.

दुसरी साक्ष आपण दर पर्युषणात ऐकतो. श्वेतांबर परंपरेत कल्पसूत्राच्या वाचनात स्वप्नांच्या वर्णनानंतर हा प्रसंग येतो. गर्भातील वर्धमानांनी, आपल्या हालचालीने मातेला क्लेश होऊ नयेत या अनुकंपेने, स्वतःला पूर्ण निश्चल केले. त्रिशला मातेला गर्भाचे स्पंदन जाणवेना. तिला वाटले, माझा गर्भ हरपला, च्युत झाला. हातावर मुख टेकून, भूमीकडे दृष्टी लावून ती चिंतेच्या समुद्रात बुडाली. राजा सिद्धार्थाच्या प्रासादातील मृदंग, वीणा आणि नृत्य थांबले आणि सारे राजगृह उदास झाले. मातेची ही अवस्था भगवंतांनी आपल्या ज्ञानाने जाणली आणि शरीराचा एक भाग किंचित हलविला. मातेचा शोक सरला. आणि तेव्हाच, गर्भात असतानाच, त्यांनी अभिग्रह घेतला की मातापिता जीवित असेपर्यंत मी दीक्षा घेणार नाही.

हा प्रसंग आपण भगवंतांच्या मातृभक्तीचा म्हणून ऐकतो. आज तो मातेच्या बाजूने ऐकावा. मूल गेलेले नव्हते. ते सुखरूप होते. तरीही मातेचा शोक खरा होता. कोणी तिला ‘उगाच अशुभ चिंतू नकोस’ असे म्हणाल्याचे वर्णन नाही. उलट राजवाड्याने आपले संगीत थांबवून त्या शोकात आपला वाटा उचलला. आणि ज्या जीवासाठी ती शोक करीत होती, त्याने त्या शोकाला एवढे मोल दिले की आपल्या दीक्षेचा काळ त्याच्यावरून ठरविला. वियोगाआधीच्या शोकाला याहून मोठी मान्यता कोणती असू शकेल?

आधुनिक मानसशास्त्राने ही गोष्ट पुष्कळ उशिरा नोंदविली. १९४२ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात कोकोनट ग्रोव्ह नावाच्या करमणूकगृहाला आग लागून शेकडो माणसे दगावली. त्यांच्या आप्तांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमान यांनी १९४४ साली शोकावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी मृत्यू न होताच येणाऱ्या शोकाचा उल्लेख केला. युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या घरची माणसे, तो परतणार नाही या भीतीने, आधीच शोकाच्या सगळ्या पायऱ्या उतरून जातात असे त्यांना दिसले. त्यात त्यांनी एक धोकाही दाखविला : सैनिक सुखरूप परतला, तेव्हा घरच्या माणसाचे मन त्याच्यापासून आधीच सुटलेले होते. या धोक्याकडे आपण पुढे येऊ.

आता त्या खानदेशातील घरी परत जाऊ आणि भेटीला येणारे काय बोलतात ते ऐकू. सर्व जण प्रेमाने येतात. तरीही तीन प्रकारचे बोलणे आईवडिलांच्या जिव्हारी लागते.

पहिले, ‘काही होत नाही, सगळे छान होणार’. सांगणाऱ्याला ही गोष्ट माहीत नसते आणि ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असते. या वाक्याने आईचे तोंड मात्र बंद होते. तिने भीती बोलून दाखविली तर तिला आशा नाही, असे ठरेल. यालाच जोडून कोणी अमक्या गावच्या औषधाचा पत्ता देतो, कोणी आपल्या मेहुण्याच्या मुलाची कथा सांगतो. त्यातून एकच अर्थ पोहोचतो, की तुम्ही पुरेसे केलेले नाही.

दुसरे, ‘पूर्वकर्माचे भोग आहेत’. येथे आपण जैनांनी विशेष सावध असावयास हवे, कारण वाक्य आपल्या सिद्धान्ताचे दिसते. ‘आईवडिलांच्या पापाचे फळ लेकराला’ हा त्याचा अधिक क्रूर अवतार तर सिद्धान्ताच्या सरळ विरुद्ध आहे. प्रत्येक जीव आपलेच कर्म भोगतो, दुसऱ्याचे नाही. कर्मसिद्धान्त स्वतःच्या दुःखात स्वतः समभाव धरण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या पलंगाशी उभे राहून निकाल देण्यासाठी नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात असातावेदनीय कर्म कशाने बांधले जाते हे सांगताना दुःख, शोक, ताप, आक्रंदन यांची नावे आहेत. ती स्वतःच्या ठिकाणी उत्पन्न केली तरी आणि दुसऱ्याच्या ठिकाणी उत्पन्न केली तरी. म्हणजे शोकमग्न मातेला कर्माचा पाठ देऊन आणखी रडविणारा मनुष्य तिच्या कर्माचे विवेचन करीत नाही. स्वतःच्या खाती नवी नोंद करीत असतो. त्याला लागूनच सातावेदनीयाची कारणे आहेत, आणि त्यांत प्राणिमात्रांवरील अनुकंपा आरंभीच आहे.

हाच सिद्धान्त आईच्या मनातील गुप्त भीतीला मात्र खरा उतारा देतो. ‘माझ्या मनात वाईट आले म्हणून तिचे काही वाईट होईल’ असे तिला वाटत असते. कन्येचे आयुष्यकर्म कन्येचे आहे. मातेच्या मध्यरात्रीच्या भयाने त्यातला एक क्षणही कमी होत नाही. ही गोष्ट तिला एखाद्या वडीलधाऱ्या सासूने किंवा साध्वीजींनी शांतपणे सांगितली, तर तिच्या छातीवरचा मोठा भार उतरतो.

तिसरे, मूल गेल्यासारखे वागणे. दारातच डोळ्यांना पदर लावणे, मुलीच्या देखत कुजबुजणे, तिच्याविषयी ‘किती गुणी होती’ असे भूतकाळात बोलणे. शोक आईवडिलांचा आहे. तो त्यांच्याआधी आणि त्यांच्याहून मोठ्याने करण्याचा अधिकार पाहुण्याला नाही. शिवाय नऊ वर्षांचे मूल सगळे ऐकते. मोठी माणसे आत आली की बोलणे थांबते, हे त्याला फार लवकर कळते.

मग लिहावे काय? भेटीपेक्षा पत्र पुष्कळदा बरे, कारण पत्राला तत्काळ उत्तर द्यावे लागत नाही आणि आई ते रात्री एकटी वाचू शकते. औषधांनी मुलीच्या रक्तातील संरक्षक पेशी उतरलेल्या असताना सर्दी-खोकल्याचा पाहुणा तिला खरोखर धोक्याचा असतो, हेही कारण आहेच. अशा पत्राचा एक नमुना देतो. थोरल्या चुलत बहिणीने तो लिहिला आहे असे समजावे.

‘प्रिय भाऊ आणि वहिनी, सादर जय जिनेंद्र. छकुलीचा ताप पुन्हा चढल्याचे मोठ्या काकांकडून कळले. तुम्ही दोघे काय सोसत असाल, ते मला पूर्ण कळते असे मी म्हणणार नाही. एवढेच कळते, की तुम्ही तिच्यासाठी आशा धरून आहात आणि त्याच वेळी मनातून फार घाबरलेले आहात. दोन्ही एकाच वेळी वाटू शकते. घाबरल्याने तुमचे प्रेम उणे होत नाही, आणि वहिनी, मनात काहीही आले तरी त्याने छकुलीचे काहीही बिघडत नाही. उन्हाळ्यात ती माझ्या तराजूत चिंचोके मोजून मला खरी पावती देत होती. ती पावती माझ्या वहीत अजून आहे. सोमवार आणि गुरुवार, सूर्यास्ताच्या तासभर आधी, रुग्णालयाच्या फाटकाशी तुमचा डबा येईल. वर येणार नाही, फोनही करणार नाही. रखवालदाराकडे ठेवून जाईन. बाबू शनिवार-रविवार माझ्याकडे राहील, त्याच्या आजीशी बोलले आहे. बोलावेसे वाटेल तेव्हा कोणत्याही वेळी फोन करा. रडावेसे वाटले तरी करा. या पत्राला उत्तर नको. तुमची ताई.’

या पत्रात मृत्यूचा शब्द नाही आणि बरे होण्याचे वचनही नाही. आशा आणि भीती या दोहोंना जागा आहे. मुलीची आठवण आहे, पण ती जिवंत मुलीची, वर्तमानातील आठवण आहे. ‘काही लागले तर सांगा’ हे आपले नेहमीचे वाक्य नाही. कारण थकलेल्या माणसाला काय लागते ते सुचत नाही आणि सुचले तरी मागवत नाही. त्याऐवजी वार, वेळ आणि जागा ठरलेली दोन कामे आहेत.

समाजाने एकत्रितपणे करावयाच्या मदतीलाही हाच नियम लागू आहे. उदाहरणार्थ, अशा मुलांना प्लेटलेट वारंवार लागतात. आपल्याकडे वार्ता कळताच उत्साहाने तीस-चाळीस तरुण एकाच दिवशी रक्तपेढीत जातात. परंतु प्लेटलेट साधारण पाचच दिवस टिकतात. त्या दिवशी गर्दी आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा धावाधाव, असे होते. त्यापेक्षा एका जबाबदार व्यक्तीने दात्यांची यादी करावी, रक्तपेढीला विचारून त्यांची पूर्वतपासणी करून घ्यावी आणि गरजेनुसार दर खेपेला एक-दोघांना पाठवावे. यंत्राद्वारे केवळ प्लेटलेट देण्यास तास-दीड तास लागतो, म्हणून दात्याने पेढीतून तेवढी सवड काढूनच जावे. वडिलांना त्यासाठी एकही फोन करावा लागू नये. डबा द्यावयाचा तर ताजा, पूर्ण शिजलेला द्यावा. प्रसाद म्हणून कापलेली फळे किंवा उघडी मिठाई मुलीपर्यंत नेऊ नये. पाणी उकळून घेण्याची आपली सवय येथे विशेष उपयोगी पडते.

घरात राहिलेल्या सहा वर्षांच्या भावाचाही विचार करावा. त्याच्या हाताला सुई टोचली गेली, सर्व जण त्याच्या अहवालाची वाट पाहत होते आणि मग सर्वांचे चेहरे उतरले, एवढे त्याने पाहिले आहे. कोणी स्पष्ट सांगितले नाही तर आपल्यामुळे दीदी बरी होत नाही, असा अर्थ तो स्वतःच लावील. त्याला एवढी वाक्ये पुरतात : दीदीच्या रक्तात आजार आहे, तो कोणामुळे झालेला नाही आणि तुला लागणार नाही, रक्त जुळणे कोणाच्या हातात नसते, तू काहीही चुकलेला नाहीस.

आता लिंडेमान यांनी दाखविलेल्या धोक्याकडे वळू. शोक आधीच सुरू झाला तर त्यातून कधीकधी मन मुलापासून हळूच मागे सरू लागते. आई औषधे वेळेवर देते, अंथरूण बदलते, पण मुलीशी बोलेनाशी होते, तिच्याकडे पाहणे टाळते. वडील रुग्णालयात येतात पण खोलीबाहेरच थांबतात. हा निर्दयपणा नव्हे. पुढचा घाव सोसावा म्हणून मन आधीच आपला हात सोडवू पाहत असते. पण मुलीला तो हात आत्ता हवा असतो. असे दिसल्यास नातेवाइकांनी टीका न करता आईला दोन तास झोपू द्यावे, आणि नंतर मुलीजवळ काम नसलेली अशी अर्धी घटका तिला मिळवून द्यावी : औषध नाही, तपासणी नाही, केवळ पत्ते किंवा गोष्ट किंवा नवकार. तरीही आई सतत सुन्न राहिली, अन्नावरची वासना गेली, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागली, तर हा केवळ शोक नव्हे असे समजून रुग्णालयातील समुपदेशकास किंवा मनोविकारतज्ज्ञास त्याच दिवशी सांगावे. आयंबिल, अट्ठम किंवा जाप ती स्वतःच्या भावनेने करीत असेल तर ती तिची आराधना आहे. परंतु दिवसरात्र शुश्रूषा करणाऱ्या मातेला बाहेरच्यांनी तप सुचवू नये. घरातील इतरांनी ते करावे.

याच टप्प्यावर अनेक ठिकाणी डॉक्टर ‘पॅलिएटिव्ह’ म्हणजे वेदनाशामक परिचर्येच्या विभागाकडे पाठवितात. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत असा स्वतंत्र विभाग आहे. हा शब्द ऐकताच घरात रडारड होते आणि कोणी म्हणतो, ‘डॉक्टरांनी हात टेकले’. ही समजूत चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार मुलांची ही परिचर्या निदान होताच सुरू होते आणि रोगावरील उपचार चालू असोत वा नसोत, चालू राहते. वेदना, उलट्या, निद्रानाश कमी करणे आणि आईवडिलांच्या मनाचा भार ऐकून घेणे हे तिचे काम आहे. ज्या शोकाविषयी आपण बोलत आहोत, तो न लपविता बोलण्याची ती एक हक्काची जागा आहे.

शेवटी आणखी एक गोष्ट. काही मुली बऱ्या होतात. औषधे लागू पडतात, दूरच्या दात्याची किंवा वडिलांची अर्धी जुळणारी मज्जाही कामी येते. तेव्हा समाज पेढे वाटतो आणि विषय संपला असे मानतो. आईचा शोक मात्र त्या दिवशी संपत नाही. ज्या वियोगाचे दृश्य तिने शेकडो रात्री पाहिले, ते मुलीच्या प्रत्येक तापाबरोबर परत येते, आणि आता तर ‘देवदयेने सगळे चांगले झाले, अजून का रडतेस’ असे विचारणारेच भेटतात. आणि ज्या घरी वियोग होतो, तेथे ‘तुम्हाला कल्पना होतीच’ असे म्हणणारे भेटतात. कल्पना असल्याने दुःखाचा हप्ता आधी फेडला जात नाही. दोन्ही घरांना सहा महिन्यांनी, वर्षाने, पुन्हा एक पत्र लागते.

येत्या पर्युषणात जन्मवाचनाचा उत्सव होईल. त्याच्या थोडे आधी, राजगृहातील वाद्ये थांबल्याचा तो लहानसा प्रसंग वाचला जाईल. तेव्हा आपल्या संघातील अशा एखाद्या घराचे स्मरण करावे. त्या आईवडिलांना आज मोठ्या शुभवार्तेची अपेक्षा नसते. मुलीने दोन घास भात खाल्ला, रात्री ताप आला नाही, एवढे किंचित स्पंदनही त्यांना पुरते. ते स्पंदन होईपर्यंत त्यांच्या दारी आपली वाद्ये थोडी शांत ठेवणे आपल्या हाती आहे.